मशीन खरंच बंद होतं का?

कारखान्याच्या देखभाल विभागाने वर्षभरात काढलेल्या सगळ्या खरेदी-ऑर्डरी रकमेच्या चढत्या क्रमाने लावायच्या आणि दर दहा हजारांच्या टप्प्यात किती पडतात ते मोजायचं. नट-बोल्ट, फ्यूज, ग्रीस अशा छोट्या ऑर्डरी पुष्कळ आणि पंप, मोटर, गिअरबॉक्सच्या मोठ्या ऑर्डरी मोजक्या असतात, त्यामुळे आलेख हळूहळू उतरत जायला हवा. एका कारखान्यात मात्र तीस ते चाळीस हजारांच्या टप्प्यात ९६ ऑर्डरी निघाल्या, चाळीस ते पन्नास हजारांत २१२ आणि पन्नास ते साठ हजारांत अवघ्या १९. पन्नास हजारांच्या अलीकडे ढीग, पलीकडे एकदम खड्डा. देखभाल विभागप्रमुखाला स्वतःच्या सहीवर पन्नास हजारांपर्यंतचीच खरेदी करता येते, हे कळलं की या ढिगाचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही.

हा कारखाना मी रचलेला आहे. पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणारी, वर्षाला २४० कोटींची उलाढाल असलेली एक खासगी कंपनी डोळ्यांसमोर आणा. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण त्यातला प्रत्येक प्रकार अशा कारखान्यांच्या अंतर्गत लेखापरीक्षणात नेहमी सापडणारा आहे. उलाढालीचा आकडा मुद्दाम २४० कोटी घेतला आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३८ नुसार आधीच्या वर्षी २०० कोटी किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्या, किंवा बँका आणि वित्तसंस्थांचं १०० कोटी वा त्याहून जास्त कर्ज कधीही अंगावर असलेल्या खासगी कंपनीला अंतर्गत लेखापरीक्षक नेमावाच लागतो. हा लेखापरीक्षक म्हणजे ताळेबंदावर सही करणारा ऑडिटर नव्हे. कंपनीने आपणच घालून घेतलेले नियम आत पाळले जातात का, हे पाहून त्याने संचालकांना सांगायचं असतं.

खरेदीचा नेहमीचा रस्ता असा. ज्याला वस्तू हवी तो मागणीपत्र काढतो. कारखान्यात त्याला पीआर म्हणतात. खरेदी विभाग दोन-तीन पुरवठादारांकडून कोटेशनं मागवतो, दर ठरवतो आणि ऑर्डर म्हणजे पीओ तयार करतो. रकमेप्रमाणे योग्य अधिकारी ती मंजूर करतो. मग माल येतो, गेटवर नोंद होते, स्टोअर्सवाले मोजून घेतात आणि पावती बनवतात. तिला जीआरएन म्हणतात. शेवटी बिल येतं. पीओ, जीआरएन आणि बिल जुळलं की पैसे जातात. आमच्या कंपनीत मंजुरीची उतरंड अशी आहे: पन्नास हजारांपर्यंत विभागप्रमुख, दोन लाखांपर्यंत खरेदी व्यवस्थापक, दहा लाखांपर्यंत प्लांट हेड, आणि त्यापुढे संचालक.

सह्या आहेत की नाहीत, एवढं पाहणाऱ्या ऑडिटरला इथे काहीच सापडणार नाही. सह्या असतातच. पाहायचा असतो तो क्रम. गरज आधी होती की बिल आधी आलं? मंजुरी मिळाल्यावर माल आला, की माल आल्यावर मंजुरी जुळवली? कागदावरची तारीख हवी ती टाकता येते. पण गेटवरच्या वॉचमनची वही, पुरवठादाराचं चलन आणि संगणकाने आपोआप टिपलेली वेळ या तीन ठिकाणी एकच खोटं बेमालूम बसवणं कठीण जातं. म्हणून ही तपासणी अकाउंट्स विभागाच्या टेबलावर सुरू होत असली, तरी खरी होते ती गेटवर आणि स्टोअर्समध्ये.

आता पुन्हा त्या ढिगाकडे. ढीग म्हणजे गुन्हा नाही, हे ऑडिटरने आधी स्वतःला बजावायला हवं. एखादी वस्तू वार्षिक दरकराराप्रमाणे ४८,००० रुपयांनाच मिळत असेल आणि ती महिन्यातून चारदा लागत असेल, तर ढीग होणारच. नियमच गुळमुळीत असेल तरीही होतो. या कंपनीच्या अधिकार-तक्त्यात ‘पन्नास हजारांपर्यंत’ एवढंच लिहिलं होतं. जीएसटी धरून की सोडून, याबद्दल एक अक्षर नाही. ४९,५०० रुपयांच्या मालावर अठरा टक्के कर लागला की बिल होतं ५८,४१० रुपयांचं. विभागप्रमुख म्हणतो मी मर्यादेत आहे, अकाउंट्सवाला म्हणतो तुम्ही ओलांडली, आणि दोघंही आपापल्या वाचनाप्रमाणे बरोबर. अशा वेळी माणसाला दोष न देता तक्त्यातली ओळ दुरुस्त करायची असते.

म्हणून २१२ ऑर्डरींतून ऑडिटरने वेगळी चाळण लावली: एकच पुरवठादार, सात दिवसांच्या आत दोन किंवा जास्त ऑर्डरी, आणि त्यांची बेरीज पन्नास हजारांच्या वर. असे ४३ गट निघाले. त्यातला एकच घेऊ. १६ आणि १७ जूनला एका पुरवठादाराला तीन ऑर्डरी गेल्या. पहिली गिअरबॉक्सच्या बॉडीची, ४८,००० रुपये. दुसरी गिअर-सेटची, ४९,२०० रुपये. तिसरी बेअरिंग आणि सीलची, ४६,५०० रुपये. एकूण १,४३,७०० रुपये. तिन्ही विभागप्रमुखाच्या सहीने मंजूर. प्रत्येक ऑर्डर सुटी पाहिली तर नियमाच्या चौकटीत अगदी नीट बसलेली.

गेटच्या वहीत मात्र १९ जूनला एकच नोंद होती: एक टेम्पो, एक चलन, ‘गिअरबॉक्स असेंब्ली, १ नग’. पुरवठादाराने पूर्ण जोडलेला गिअरबॉक्स पाठवला होता. स्टोअर्सने त्याच एका वस्तूच्या तीन जीआरएन बनवल्या, दहा मिनिटांच्या आत. पुरवठादाराच्या तीन बिलांचे क्रमांक लागोपाठचे. तिन्ही मागणीपत्रं एकाच सुपरवायझरची आणि तिन्हींवर एकाच मशीनचा नंबर. एक खरेदी तीन कागदांत वाटली गेली होती. कारखान्यात याला ‘पीओ तोडणं’ म्हणतात आणि ते फार गुपचूपही चालत नाही. खरेदी विभागातल्या कनिष्ठ माणसालाही ठाऊक असतं की साहेबांनी सांगितलंय, तीन पीओ काढ.

बाकीच्या ४२ गटांपैकी काही असे नव्हते. एका गटात दोन ऑर्डरी होत्या, पण दोन वेगळ्या मशीनच्या, दोन वेगळ्या सुपरवायझरच्या. माल वेगवेगळ्या दिवशी आला होता. ते ऑडिटरने सोडून दिले. हा भेद करायला वेळ जातो, म्हणून पुष्कळ अहवालांत ‘४३ संशयास्पद गट आढळले’ असं वाक्य टाकून मोकळं होतात. मला हा आळस वाटतो, आणि घातक आळस. एकदा का विभागप्रमुखाने त्यातले चार गट निर्दोष असल्याचं बैठकीत दाखवलं, की उरलेल्या खऱ्या गटांवरचाही विश्वास उडतो.

गिअरबॉक्सबद्दल विचारल्यावर विभागप्रमुखाने काही लपवलं नाही. “मॅडम, गिअरबॉक्स हवाच होता. दरही बघा, बाजारापेक्षा जास्त नाही. दोन लाखांच्या फाइलला खरेदी विभागातून बाहेर पडायला नऊ दिवस लागतात. मशीन नऊ दिवस आवाज करत ठेवू का?” ऑडिटरने दर तपासला, तो खरोखरच योग्य होता. नऊ दिवसांचा दावाही संगणकात तपासला. पन्नास हजार ते दोन लाखांच्या ऑर्डरींना मागणीपासून मंजुरीपर्यंत सरासरी आठ दिवस लागत होते. शिवाय पन्नास हजारांची मर्यादा २०१४ साली ठरलेली. तेव्हा त्या पैशात जे येत होतं, ते आज येत नाही.

आता या तोडलेल्या ऑर्डरीत नुकसान काय झालं? या एका प्रकरणात, कदाचित काहीच नाही. पण तीन ऑर्डरी तोडल्यामुळे खरेदी व्यवस्थापकाची नजर चुकली, दुसऱ्या पुरवठादाराचं कोटेशन आलं नाही, आणि ही वाट सगळ्यांच्या पायाखालची झाली. आज दर योग्य होता. उद्या नसला तर तो पकडायला मधे कोणी उभंच नाही. ऑडिटर अशा ठिकाणी ‘नुकसान’ असं लिहीत नाही. अटकाव कुठे नाहीसा झाला, एवढंच लिहिते.

याहून अवघड असते तातडीची खरेदी, कारण तिथे नियम मोडायला नियमच परवानगी देतो. उत्पादन थांबलं, कामगाराच्या जिवाला धोका असला किंवा कायद्याने ठरवून दिलेली मुदत टळत असली, तर प्लांट हेडने फोनवर होकार द्यायचा, तीन कोटेशनं माफ, माल आधी आणायचा आणि कागद तीन कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करायचे, अशी या कंपनीतली तरतूद. तरतूद हवीच. रात्री दीड वाजता थांबलेल्या प्रेसला कोटेशनची भाषा कळत नाही. वर्षभरात या वाटेने १४६ ऑर्डरी गेल्या, ८७ लाखांच्या.

त्यांतली एक खरी आधी पाहू, म्हणजे खोटी कशी ओळखायची ते कळेल. एका शनिवारी रात्री १:४० ला एका पॉवर प्रेसची पन्नास एचपीची मुख्य मोटर जळाली. ब्रेकडाउन स्लिपवर ती वेळ आहे. वाइंडिंग पुन्हा भरून घ्यायला तीन दिवस लागले असते आणि सोमवारी ग्राहकाची गाडी माल न्यायला येणार होती. २:१० ला इंजिनिअरने प्लांट हेडला फोन केला, २:२५ ला व्हॉट्सअॅपवर होकार आला. विक्रेत्याने सकाळी दुकान उघडलं, एवढ्या रकमेच्या मालाला लागणारं ई-वे बिल ७:४० ला तयार झालं, ८:५० ला मोटर गेटमधून आत आली. दुपारी तीनला प्रेस सुरू. किंमत १,८५,००० रुपये अधिक कर. पीओ सोमवारी दुपारी बनला, म्हणजे मालानंतर दीड दिवसाने, आणि तसा तो बनायलाच हवा होता. कागद उशिरा असणं हा इथे दोष नाही. उलट तातडीच्या खरेदीचे सगळे कागद मालाच्या आधीच्या तारखांचे आणि नीटनेटके असले, तर ऑडिटरच्या मनात शंका यायला हवी.

या खरेदीला आधार देणारे साक्षीदार खरेदी विभागाच्या बाहेर होते. त्या रात्रीच्या उत्पादन अहवालात त्या प्रेसवर शून्य नग. प्रेसचा स्ट्रोक-काउंटर रात्रभर तिथेच थबकलेला. आणि ऑडिटरने विचारलेला सगळ्यात साधा प्रश्न: जुनी मोटर कुठे आहे? ती परतीच्या गेटपासवर वाइंडिंगला गेली होती, नऊ दिवसांनी परत आली आणि आता राखीव म्हणून स्टोअर्समध्ये ठेवलेली होती. जळालेली मोटर सहजासहजी नाहीशी होत नाही. तिच्यातलं तांबं विकलं जातं, नाहीतर ती दुरुस्त होते. तातडीने नवा भाग आणला म्हणतात आणि जुना भाग ना भंगारात, ना दुरुस्तीला, ना मशीनवर, असं असेल तर पुढचे सगळे कागद सावकाश वाचावेत.

दुसरी ऑर्डर मार्चमधली. हायड्रॉलिक सील-किट आणि होज पाइप, १,१२,००० रुपये. कारण: ‘प्रेस क्र. ४ मधून तेलगळती, उत्पादन बंद’. प्लांट हेडचा होकार आहे, तीन दिवसांत कागदही पूर्ण. ब्रेकडाउन स्लिप १४ तारखेची. पण पुरवठादाराचं बिल ११ तारखेचं. प्रेस फुटायच्या तीन दिवस आधीच पुरवठादाराला ते ठाऊक होतं, असं म्हणावं लागतं. प्रेस क्रमांक ४ ने १४ तारखेला नेहमीइतकेच नग काढले होते. आणि स्टोअर्सच्या इश्यू स्लिपवरून दिसलं की हे सील-किट रॅकवरून बाहेर पडलं २ एप्रिलला, म्हणजे १९ दिवसांनी, नेहमीच्या देखभालीसाठी.

ही शेवटची कसोटी मला सगळ्यात आवडते, कारण तिला कोणाच्या प्रामाणिकपणाबद्दल काही बोलावं लागत नाही. तातडीने आणलेला माल त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी स्टोअर्समधून मशीनकडे गेला पाहिजे. जीआरएनची तारीख आणि इश्यू स्लिपची तारीख यांच्यातलं अंतर काढायला संगणकावर दहा मिनिटं पुरतात. १४६ पैकी ३८ ऑर्डरींचा माल पंधरा दिवसांहून जास्त रॅकवर पडून होता. त्यातल्या २१ ऑर्डरी मार्चमधल्या. कारण बैठकीत एका सुपरवायझरने सांगून टाकलं: वर्षाचं बजेट उरलं की पुढच्या वर्षी कापतात, आणि मार्चअखेर तीन कोटेशनं मागवायला वेळ उरत नाही. म्हणजे पैसा खिशात घालण्याचा प्रकार नव्हता; उरलेलं बजेट वाचवायला तातडीचा शिक्का वापरला होता. तरीही आधीच्या तारखेच्या बिलाला पाठीमागून ब्रेकडाउन स्लिप जोडणं हा खोटा दस्तऐवज बनवण्याचाच प्रकार, आणि तो अहवालात तसाच लिहावा लागतो.

उरलेल्या ऑर्डरींपैकी ७१ निर्विवाद खऱ्या होत्या. मधल्या ३७ ऑर्डरींनी ऑडिटरला सगळ्यात जास्त दिवस अडकवून ठेवलं. इथे मशीन खरंच थांबलं होतं, माल खरंच त्याच दिवशी बसवला होता, सगळे कागद खरे. फक्त ती वेळ येणार हे सगळ्यांना आठवडे आधी दिसत होतं. एका कन्व्हेयरच्या बेअरिंगची जोडी वर्षात सात वेळा तातडीने आणली होती. दरकरारात एका बेअरिंगचा दर ६,४०० रुपये. रात्री-अपरात्री धावपळ करून आणल्यावर ८,९००. सात जोड्यांचे जास्तीचे ३५,००० रुपये गेले. त्याहून मोठं म्हणजे दर वेळी चार तास कन्व्हेयर बंद.

मग ही बेअरिंग स्टोअर्समध्ये का नव्हती? संगणकात तिचा किमान साठा शून्य होता. पूर्वी दोन होता. बदल कोणी केला ते पाहिलं तर दोन वर्षांपूर्वी वित्त विभागाने ‘साठा कमी करा’ मोहीम काढली होती आणि सहा महिन्यांत न हललेल्या सुट्या भागांचा किमान साठा सरसकट शून्य केला होता. त्या सहा महिन्यांत कन्व्हेयर नवा होता, म्हणून बेअरिंग हललीच नव्हती. साठ्यात अडकलेले काही हजार वाचवून वर्षाला अठ्ठावीस तासांची बंदी विकत घेतली गेली. तातडीच्या खरेदीचा हा दोष देखभाल विभागाच्या माथी मारणं सोपं होतं; तो जन्माला आला होता वरच्या मजल्यावर. अंतर्गत ऑडिटरने वित्तप्रमुखाच्या हाताखाली असू नये, थेट संचालक मंडळाला किंवा त्यांच्या लेखापरीक्षण समितीला उत्तर द्यावं, असं म्हणतात त्याचं कारण अशा जागी कळतं.

संगणकातून पीओ काढला की मर्यादा मोडताच येत नाही, असं व्यवस्थापनाला मनापासून वाटतं. त्यात तथ्य आहे. मंजुरीचा टप्पा रकमेप्रमाणे आपोआप ठरतो. पण मंजूर झालेल्या ऑर्डरीत नंतर बदल केला, नगांची संख्या वाढवली, तर प्रणाली पुन्हा मंजुरी मागते का, हे तपासावं लागतं. इथे एक ऑर्डर ४५,००० रुपयांना मंजूर होऊन पुढच्या आठवड्यात ७८,००० रुपयांची झाली होती आणि प्रणालीने चकार शब्द काढला नव्हता, कारण ‘दुरुस्तीला मंजुरी नको’ ही खूण सुरुवातीलाच कोणीतरी लावून ठेवली होती. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची, तो कधी झाला याची नोंद ठेवणं बंधनकारक आहे आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. मात्र खरेदीचा प्रोग्राम हिशेबाच्या सॉफ्टवेअरपासून वेगळा असेल, तर तिथेही अशी नोंद राहते का, हे ऑडिटरला स्वतः बघावं लागतं. दुसरी गोष्ट पासवर्डची. संचालक परदेशी विमानात असताना त्यांच्या नावाने तीन मंजुऱ्या पडल्या होत्या, खरेदी सहायकाच्या संगणकावरून. सुट्टीतल्या अधिकाऱ्याच्या जागी कोण सही करणार हे लेखी ठरवलेलं नसलं, की असे पासवर्ड हातोहात फिरतात.

पुरवठादारांकडेही एक नजर टाकली गेली. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे, पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. एकाच ऑर्डरीसाठी आलेल्या तीन कोटेशनांपैकी दोन नावं वेगळी आणि पॅन एकच, असं दोन ठिकाणी आढळलं. स्पर्धा कागदावर तिघांची, प्रत्यक्षात दोघांचीच. एका पुरवठादाराची बिलं वर्षभर जवळपास सलग क्रमांकाची होती: एप्रिलमध्ये ११४, मेमध्ये ११५ आणि ११६, जूनमध्ये ११७. ज्याला दुसरं गिऱ्हाईकच नाही असा हा दुकानदार. त्यातून पुढे काय सिद्ध होतं? अंतर्गत ऑडिटरला त्याचं बँक खातं पाहायचा अधिकार नाही. पुरवठादाराचा पत्ता आणि खातं क्रमांक कर्मचाऱ्यांच्या नोंदींशी ताडून पाहता येतो, तो पाहिला, जुळला नाही. कोणी कोणाला रोख काय दिलं, ते कंपनीच्या वह्यांत कधीच उमटत नाही. म्हणून अहवालात ‘भ्रष्टाचार’ हा शब्द आला नाही. ‘या पुरवठादाराची जागेवर जाऊन पडताळणी करावी, तोवर नवी ऑर्डर देऊ नये’ एवढंच आलं.

समारोपाच्या बैठकीत प्लांट हेड आणि वित्तप्रमुख यांची चांगलीच जुंपली. वित्तप्रमुखांना मर्यादा आणखी खाली आणायची होती: पन्नासचे पंचवीस हजार करा. ऑडिटरने उलटं सुचवलं. विभागप्रमुखाची मर्यादा कर सोडून एक लाख करावी, पण महिन्याला त्याच्या सहीने जाणाऱ्या एकूण खरेदीवर आठ लाखांची कमान ठेवावी. एका ऑर्डरीची मर्यादा तोडून चुकवता येते. महिन्याच्या बेरजेची चुकवता येत नाही, कारण कितीही तुकडे केले तरी बेरीज तीच राहते. तातडीच्या ऑर्डरीला ब्रेकडाउन स्लिपचा नंबर गेटवरच नोंदवावा, माल आत घेताना, नंतर नाही. तातडीने आलेला माल तीन दिवसांत रॅकवरून हलला नाही तर त्याची यादी महिनाअखेर आपोआप संचालकांकडे जावी. आणि चाळीस कळीच्या सुट्या भागांचा किमान साठा पुन्हा ठरवावा, तो ठरवताना देखभाल विभागाची सही लागावी. पन्नास हजार ते दोन लाखांच्या फाइलला आठ दिवस का लागतात, हा प्रश्न खरेदी व्यवस्थापकाच्या नावाने स्वतंत्र लिहिला गेला. उत्तरात निघालं की ती फाइल तुलनात्मक तक्त्यासाठी अकाउंट्समध्ये जाऊन येते आणि तिथे ती फक्त पडून असते. हे करा असं कुठल्याच नियमात लिहिलेलं नव्हतं. तो फेरा काढून टाकल्यावर तीन दिवस उरले.

सहा महिन्यांनी ऑडिटरने तीच चाळण पुन्हा लावली. पन्नास हजारांखालचा ढीग विरला होता आणि एक लाखाखाली नवा ढीग अजून तरी साचला नव्हता. तातडीच्या ऑर्डरी ४४ वर आल्या, पंधरा दिवसांहून जास्त पडून राहिलेला माल दोनच ऑर्डरींचा. मात्र एक नवी रेघ वर चढत होती: दुरुस्तीच्या कामाच्या ऑर्डरी. वेल्डिंग, अलाइनमेंट, पॅनेलची वायरिंग. इथे माल येत नाही, त्यामुळे गेटची नोंद नाही, चलन नाही, इश्यू स्लिप नाही. काम झालं असं सुपरवायझरने लिहिलं की झालं. त्यातल्या बऱ्याच नव्वद हजारांच्या आसपासच्या होत्या. पुढच्या तिमाहीच्या आराखड्यात ऑडिटरने पहिल्या आठवड्याचं काम लिहून ठेवलं: बाहेरच्या वेल्डरांच्या गेटपासवरच्या येण्या-जाण्याच्या वेळा मागवून घेणे, आणि त्या बिलांतल्या तासांशी जुळवणे.